मिन्सु कोणता प्रत्यय लावून आला?

‘फार पूर्वी एक लाकूडतोड्या राहत होता’ अशी सुरुवात कोरियन लोककथेतही होते. लाकूडतोड्याला कोरियनमध्ये ‘नामुक्कुन’ म्हणतात. पहिल्या वाक्यात त्याला ‘इ’ हा कर्त्याचा प्रत्यय लागतो आणि ‘नामुक्कुनी’ होतं. पुढे तो स्वभावाने चांगला होता असं सांगताना मात्र ‘उन’ लागून ‘नामुक्कुनुन’ होतं. माणूस तोच, प्रत्यय वेगळा. मराठीत आपण पहिल्यांदा ‘एक लाकूडतोड्या’ म्हणतो आणि नंतर तो ‘एक’ गाळतो. कोरियनमध्ये हे काम प्रत्यय करतात. शब्दाच्या शेवटी स्वर असेल तर ‘इ’च्या जागी ‘गा’ आणि ‘उन’च्या जागी ‘नुन’ येतो. अर्थ तोच राहतो.

यावरून शिकणारा एक नियम बांधतो: अनोळखी असेल तर ‘गा’, ओळखीचा असेल तर ‘नुन’. हा नियम लवकरच अडतो. समजा, दोन मैत्रिणींना मिन्सु चांगला ठाऊक आहे. एक विचारते, ‘नुगा वास्सॉयो?’ म्हणजे ‘कोण आलं?’ उत्तर येतं, ‘मिन्सुगा वास्सॉयो.’ मिन्सु ओळखीचा, तरी ‘गा’! कारण कुणीतरी आलंय हे विचारणारीला आधीच माहीत होतं. तो मिन्सु होता, ही बातमी नवी. ‘कोण’ची रिकामी जागा भरणाऱ्या शब्दाला ‘गा’ लागतो. प्रश्नातल्या ‘नुगा’लाही तोच आहे.

आता प्रश्न बदलू. ‘मिन्सु कुठे आहे?’ उत्तर: ‘मिन्सुनुन जिबे इस्सॉयो’, मिन्सु घरी आहे. इथे बोलणं मिन्सुबद्दलच चाललंय, नवं आहे ते ‘घरी’. म्हणून ‘नुन’, विषय दाखवणारा प्रत्यय.

‘नुन’ची आणखी एक छटा आहे. ‘सगळे आले का?’ या प्रश्नाला कुणी ‘मिन्सुनुन वास्सॉयो’ म्हणालं, तर ऐकणाऱ्याला कळतं की मिन्सु तर आला, बाकीच्यांचं काही खरं नाही. आपला ‘तर’ इथे अगदी नेमका बसतो.

ओळख करून देताना चूक हमखास होते. नव्या वर्गात उभं राहून ‘मी सीमा’ म्हणायचं असेल, तर ‘मी’साठी ‘जॉनुन’ हवं, कारण बोलणारी समोरच उभी आहे, नवं आहे ते नाव. तिथे ‘जेगा’ म्हटलं, तर ‘सीमा कोण?’ असं कुणी विचारल्यासारखं ‘मीच सीमा’ असं ऐकू येतं. हेच ‘जेगा’, ‘हे काम कोण करेल?’ या प्रश्नाला मात्र बरोबर उत्तर ठरतं.

म्हणून कोरियन वाक्य बोलण्याआधी ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे मनाशी विचारा. ‘कोण?’चं असेल तर ‘गा’, ‘त्याचं काय?’चं असेल तर ‘नुन’.