ईदचा ड्रेस आणि टॅगवरची पाच चिन्हे

तेविसाव्या रोजाला सहरीनंतर फोन वाजला. परभणीहून भाचीने एक फोटो पाठवला होता. कपड्याच्या आतली पांढरी पट्टी, तिच्यावर पाच बारीक चित्रे, आणि खाली तिचा निरोप: ‘खाला, ये क्या लिखा है? अम्मी ब्लीच टाकायला निघालीय, लवकर सांगा.’

प्रकरण असे होते. ईदसाठी घेतलेला मोतिया रंगाचा व्हिस्कोसचा सूट तिने मैत्रिणीकडच्या इफ्तारला घातला आणि गुलाबाच्या सरबताचा अर्धा ग्लास पुढच्या बाजूवर सांडला. व्हिस्कोस म्हणजे आपल्याकडे दुकानदार ज्याला रेयॉन म्हणतात तो कपडा. सूट तिने आपल्या पहिल्या पगारातून घेतलेला. आणि माझ्या बहिणीचा ब्लीचवर फार विश्वास. मागच्या वर्षी मुलाच्या सिल्कमिश्रित पांढऱ्या कुर्त्यावरचा डाग काढायला तिने क्लोरीनचे ब्लीच ओतले. डाग गेला, पण त्या जागी तळहाताएवढा पिवळा चट्टा आला. रेशीम आणि लोकर यांना हे ब्लीच चालतच नाही. त्या कुर्त्याच्या पट्टीवर फुली मारलेला त्रिकोण होता. तो कोणी पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तरी त्याचा अर्थ घरात कोणाला ठाऊक नव्हता.

भाचीचा फोटो उलटा होता. सगळ्यांचेच असे फोटो येतात, कारण पट्टी आतल्या शिवणीत लोंबत असते. सरळ बाजू ओळखायची ती टपावरून. पहिले चित्र पाण्याच्या टपाचे असते आणि पाण्याची नागमोडी रेघ वरच्या अंगाला असते. ती वर दिसली की फोटो सरळ. मग डावीकडून उजवीकडे क्रम साधारण ठरलेला: टप म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणे, मग इस्त्री, आणि शेवटी वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनवाल्याचे काम. ही चिन्हे सांभाळणारी आंतरराष्ट्रीय संघटना 1963 साली पॅरिसला स्थापन झाली. शब्दांऐवजी चित्रे वापरण्याचा हेतू हा की, कपडा कुठेही विकला गेला तरी तिथल्या माणसाला कळावा. परभणीत काही तो अजून पुरता कळलेला नाही, ते जाऊ द्या.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी. हे चिन्ह ‘असेच करा’ असे सांगत नाही, ‘याच्या पुढे जाऊ नका’ असे सांगते. टपात 40 लिहिले असेल तर 40 अंश ही वरची मर्यादा आहे. त्याहून थंड पाण्यात धुतले तर काहीच बिघडत नाही. टपाखाली एक आडवी रेघ असेल तर मशीन हळू फिरवायचे, दोन असतील तर आणखी हळू. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कपड्यांवर आकड्याऐवजी टपात ठिपके दिसतात: एक म्हणजे 30 अंश, दोन म्हणजे 40, तीन म्हणजे 50.

भाचीच्या पट्टीवर टपात हात बुडवलेला होता. म्हणजे मशीन नाही, हातानेच धुवायचे, तेही 40 अंशांच्या आतल्या पाण्यात. यामागे कारण आहे. व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. कोरडा असताना दणकट वाटणारा धागा पिळताना तुटतो किंवा ताणून वाकडा होतो. म्हणून मी तिला सांगितले की, सकाळचे पाणी घे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी उन्हाने चांगलेच तापलेले असते आणि नळाचे म्हणून आपण ते थंडच समजतो.

दुसरे चिन्ह, त्रिकोण. तो नुसता मोकळा असता तर कुठलेही ब्लीच चाललेले असते. आत दोन तिरप्या रेघा असत्या तर क्लोरीनचे नाही, पण ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर चालली असती. इथे त्रिकोणावर फुली होती, म्हणजे दोन्ही बंद. ‘अम्मीला बाटली परत ठेवायला सांग,’ एवढेच मी लिहिले.

चौकोनात मात्र ती फसली होती. तिला वाटले, चौकोन म्हणजे मशीनमध्ये वाळवा. मशीनच्या ड्रायरचे चिन्ह वेगळे: चौकोनात वर्तुळ. तिच्या चौकोनात एक उभी रेघ होती आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक तिरपी. उभी रेघ म्हणजे दोरीवर वाळत घाला, कोपऱ्यातली तिरपी म्हणजे सावलीत. उभ्या रेघा दोन असत्या तर न पिळता निथळत टांगायचे, आणि रेघ आडवी असती तर सपाट पसरून. विणलेला स्वेटर टांगला की गुडघ्यापर्यंत का येतो, ते या आडव्या रेघेकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

इस्त्रीत एक ठिपका होता. एक म्हणजे 110 ते 120 अंशांपर्यंतची मंद इस्त्री, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे सुती कपड्याची कडक. पुष्कळ घरगुती इस्त्र्यांच्या चकतीवर हेच ठिपके असतात. व्हिस्कोस एरवी मध्यम इस्त्री सहन करतो, मग इथे एकच ठिपका का? बाहीवर जरीची लेस होती, तिच्यात प्लास्टिकचा चमकता धागा असतो. पट्टी कपड्यातल्या सर्वांत नाजूक भागाला धरून लिहितात. गल्लीतल्या कोळशाच्या इस्त्रीला ठिपके नसतात, त्यामुळे असा सूट तिकडे देऊ नये.

शेवटच्या वर्तुळात इंग्रजी ‘पी’ होते आणि खाली रेघ, म्हणजे ड्रायक्लीन चालेल, पण सौम्यपणे. ‘मग तिकडेच टाकू का?’ असे तिने विचारले. चालते याचा अर्थ डाग जाईलच असा नाही. सरबत म्हणजे साखर आणि रंग, दोन्ही पाण्यात विरघळणारे. ड्रायक्लीनच्या द्रावकात पाणी नसते, म्हणून तिथे साखर सहज निघत नाही. दिसेनाशी झालेली साखर कापडात राहून पुढे तपकिरी होते, आणि वरून इस्त्री फिरली तर लगेच. दुकानात द्यायचेच तर डाग बोटाने दाखवून ‘सरबत आहे’ असे सांगून द्यावे. इथे हाताने धुण्याची परवानगी होतीच, म्हणून पाण्याचाच रस्ता बरा.

तिने केले ते असे. ओढणी बाजूला ठेवली, कारण तिची पट्टी वेगळी होती आणि तिच्या टपावर फुली होती. कुर्ता उलटा करून डागाच्या मागच्या बाजूने थंड पाण्याची बारीक धार सोडली, म्हणजे रंग आत न शिरता आला तसा परत जातो. मग बादलीत सौम्य लिक्विडमध्ये दहा मिनिटे, न चोळता, नुसते दाबत. पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपले आणि जिन्याखालच्या सावलीत टांगला.

संध्याकाळी दुसरा फोटो आला. डागाची नखाएवढी गुलाबी सावली उरली होती. इस्त्री अजिबात फिरवू नकोस, उष्णतेने ती कायमची बसेल, आधी हेच पुन्हा एकदा कर, असे मी कळवले. दुसऱ्या धुण्याला ती गेली.

दर्जीकडे शिवलेल्या कपड्यांना मात्र पट्टीच नसते, आणि आपल्याकडे ईदचे निम्मे कपडे तसेच. कापड घेतानाच दुकानदाराला धागा कुठला ते विचारावे आणि शिवणीतल्या उरलेल्या तुकड्यावर आधी पाणी, मग मंद इस्त्री करून पाहावे. बहिणीने यंदा तो तुकडा दर्जीकडून मागून घेतला आहे.