भिंतीला भोक, घरमालकाला पत्र

पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा, घरून काम करणारा भाडेकरू इथरनेट केबलची परवानगी मागताना ‘वायफाय तुटतं’ एवढंच लिहितो. घरमालकाला मात्र काळजी भिंतीची असते.

म्हणून पत्रात भोकाचाच हिशेब हवा. कॅट-६ केबल साधारण ६ मिलिमीटर जाड. टोकाचा प्लग जवळजवळ दुप्पट रुंद. केबल आधी ओवून प्लग नंतर बसवला, तर ८ मिलिमीटरचं भोक पुरतं. ते विटांच्या भिंतीत, कॉलम-बीम आणि विजेच्या पाइपांपासून दूर पाडू, असं लिहून जागेचा फोटो जोडावा. भिंत आरसीसीची निघाली, तर केबल दाराच्या चौकटीवरून पट्टीतून न्यावी.

होकार लेखीच घ्यावा, कारण डिपॉझिट परत करताना हा विषय निघतोच. घर सोडताना भोक बुजवायचं की सॉकेट ठेवायचा, हेही त्यातच ठरवावं.