फोटोतला फॉर्म, अरबीतला दावा

दुबईतल्या गाडीच्या विम्याचा इंग्रजी दावा-अर्ज दिवाणी न्यायालयात द्यायचा, तर परवानाधारक अनुवादकाचं अरबी भाषांतर लागतं. मोबाइलवरच्या फोटोत घडीवरचा आकडा पुसट असेल, तर अंदाज बांधू नये. मूळ कागद मागवावा किंवा कंसात 'अस्पष्ट' लिहावं.

खरी मेख 'डिडक्टिबल'मध्ये. दुरुस्ती 6,000 दिरहमची, डिडक्टिबल 1,000, तर कंपनी 5,000 देते. अरबीत 'खस्म' लिहिलं की ती सवलत वाटते. ग्राहकाने सोसायची रक्कम म्हणजे 'मब्लग अत्-तहम्मुल'. 'प्रत्येक अपघातासाठी' हे शब्द गळले, तर ती वर्षातून एकदाच कापायची, असाही अर्थ निघतो.

प्रतिज्ञापत्रातलं 'माझ्या माहितीप्रमाणे' तर मुळीच गाळू नये. ते गेलं की दावेदार न पाहिलेल्या गोष्टींचीही हमी देऊन बसतो.