मुद्दाम सादळवलेली कॉफी: 'मॉन्सून्ड मलबार' नेमकी काय असते आणि ती कोणाला आवडेल?

पावसाळ्यात पापड सादळतो, बिस्किटं मऊ पडतात आणि मिठाला पाणी सुटतं. म्हणून घरोघरी डब्यांची झाकणं घट्ट लावली जातात. कर्नाटक आणि केरळच्या किनाऱ्यावर मात्र याच दिवसांत कॉफीच्या बिया गोदामात उघड्यावर पसरल्या जातात. त्या सादळाव्यात, हाच उद्देश असतो. यातून तयार होणारी कॉफी 'मॉन्सून्ड मलबार' या नावाने विकली जाते आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

कल्पना आली कुठून?

ब्रिटिश काळात मलबार किनाऱ्यावरून युरोपला जाणारी कॉफी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून जायची. हा प्रवास काही महिन्यांचा असायचा. लाकडी जहाजाच्या तळाशी, समुद्राच्या दमट हवेत बिया ओलावा शोषून घ्यायच्या. निघताना हिरवट-करड्या असलेल्या बिया पोहोचेपर्यंत फुगून फिकट सोनेरी व्हायच्या. युरोपातल्या ग्राहकांना, विशेषतः उत्तरेकडच्या देशांत, हीच चव ओळखीची झाली.

पुढे 1869 मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि वाफेची जहाजं आली. प्रवास झटपट होऊ लागला, कॉफी ताजी पोहोचू लागली, पण ग्राहकांना जुनी चव सापडेना. मग जहाजात आपोआप घडणारी गोष्ट किनाऱ्यावरच मुद्दाम घडवायची पद्धत रुळली. त्यासाठी दमट वारा लागतो आणि जून ते सप्टेंबर तो पश्चिम किनाऱ्यावर भरपूर असतो.

गोदामात काय केलं जातं?

सुरुवात होते ती 'चेरी' कॉफीपासून, म्हणजे फळासकट उन्हात वाळवून नंतर सोललेल्या बियांपासून. त्यातल्या मोठ्या, चांगल्या बिया निवडतात. बाजूने वारा खेळेल अशा गोदामात त्या जमिनीवर साधारण 4 ते 6 इंचांच्या थरात पसरतात. ओलावा सगळीकडे सारखा लागावा म्हणून थर दाताळ्याने सतत वरखाली करतात. हे काही दिवस चालतं.

नंतर बिया गोणपाटाच्या पोत्यांत सैलसर भरतात. पोत्यांच्या रांगांमध्ये जागा सोडतात, म्हणजे वारा आरपार जातो. ठरावीक दिवसांनी पोती रिकामी करून बिया हलवतात आणि पुन्हा भरतात. असं 12 ते 16 आठवडे चालतं. शेवटी कीड लागू नये म्हणून धुरी देतात आणि न फुगलेल्या, काळ्या पडलेल्या बिया निवडून बाजूला काढतात.

गंमत म्हणजे, बी खूप फुगलेली दिसली तरी तिने शोषलेलं पाणी फार नसतं. ओलावा साधारण 11 टक्क्यांवरून 14 टक्क्यांपर्यंत जातो. 60 किलोच्या पोत्याचा हिशेब केला, तर पाण्याने वाढणारं वजन जेमतेम 2 किलो. आकार मात्र बराच वाढतो. म्हणजे बी जड होण्यापेक्षा सैल आणि हलकी होते.

चवीत काय बदलतं?

पहिला फरक आंबटपणात जाणवतो. उंचावरच्या अनेक कॉफींमध्ये लिंबासारखी किंवा बेरीसारखी चुणचुणीत आंबट चव असते. मॉन्सून्ड कॉफीत ती जवळजवळ नाहीशी होते. दुसरा फरक दाटपणाचा. घोट जिभेवर भरदार आणि गुळगुळीत लागतो. तिसरा फरक वासाचा. ओली माती, लाकूड, भाजलेले दाणे आणि गरम मसाला यांची आठवण करून देणारा हा वास असतो.

हा मसाल्याचा भास नुसती कल्पना नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मॉन्सून्ड अरेबिकाच्या कच्च्या बियांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध केला. तिच्या वासात ठळक वाटा असलेल्या घटकांत त्यांना आयसोयूजेनॉल आढळलं. लवंगेचा वास ज्या यूजेनॉलमुळे येतो, त्याचा हा जवळचा नातेवाईक.

बिघडतं कुठे?

सादळणं आणि बुरशी यांच्यातलं अंतर फार कमी आहे. पोती वेळेवर हलवली नाहीत किंवा दाटीने रचली, तर आतल्या बियांना वारा लागत नाही आणि तिथे बुरशी धरते. चांगल्या कच्च्या बिया एकसारख्या फिकट सोनेरी दिसतात. पांढरी लव, हिरवे-काळे डाग किंवा रंगात मोठी तफावत दिसली, तर काहीतरी चुकलं आहे.

भाजल्यावर रंग पाहून हे कळत नाही, तेव्हा नाकावर भरवसा ठेवावा लागतो. माती, लाकूड, मसाला असा वास ठीक. पण बंद कपाटातल्या ओल्या कपड्यांसारखा कुबट वास येत असेल आणि घोटानंतरही तोंडात रेंगाळत असेल, तर ती खासियत नसून दोष आहे.

आणखी एक गैरसमज टाळायला हवा. ही प्रक्रिया फक्त कच्च्या बियांवर होते. भाजलेली कॉफी कोकणातल्या जुलैच्या हवेत उघडी ठेवली, तर ती मॉन्सून्ड होत नाही, नुसती शिळी होते. मॉन्सून्ड मलबारही एकदा भाजली की हवाबंद डब्यातच ठेवायची.

मग ही कॉफी कोणासाठी?

काळी कॉफी आंबट लागते म्हणून तोंड वाकडं होत असेल, तर ही जरूर करून बघा. दुधाची कॉफी पिणाऱ्यांनाही ती आवडण्याची शक्यता जास्त, कारण दुधात पातळ कॉफी हरवते, ही टिकते. एस्प्रेसोच्या मिश्रणात दाटपणासाठी आणि वरच्या जाड फेसासाठी ती घालतात, तेही याचमुळे. दक्षिणी फिल्टर, फ्रेंच प्रेस किंवा मोका पॉट या तिन्हींत ती छान उतरते.

उलट, कागदी फिल्टरमधून गाळलेली, फुलाफळांच्या चवीची हलकी कॉफी आवडणाऱ्यांना ही बोथट वाटू शकते. आणि चवीला आंबट नाही म्हणजे पोटाला औषधी, असा अर्थ काढू नका. कॅफिन तिच्यातही असतंच, त्यामुळे ज्यांना कॉफीने जळजळते त्यांनी बेतानेच घ्यावी.

करताना एकच काळजी घ्या. या बिया हलक्या असल्याने चमच्याने मोजल्या तर कॉफी कमी पडते आणि पेय पाणचट होतं. म्हणून वजन करा. फ्रेंच प्रेसमध्ये 15 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, 225 मिलिलिटर गरम पाणी आणि 4 मिनिटं, इथून सुरुवात करा. पहिल्यांदा 100 ग्रॅमचंच पाकीट घ्या, भाजल्याची तारीख बघा आणि पहिला कप बिनसाखरेचा प्या. मातकट मसाल्याचा हा वास तुम्हाला आवडतो की नाही, हे त्या एका कपात कळेल.