रात्री लिहिलेला कोड कोणाचा?

कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा करार हाती आला की सॉफ्टवेअर इंजिनिअर आधी पगाराचा आकडा पाहतो. नजर जायला हवी ती शोधांच्या मालकीच्या कलमावर.

नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, ही अट तिथे सहसा रद्दबातल ठरते. 2024 पासून तर करारावर सही कुठेही झालेली असो.

शोधांचं कलम मात्र चालतं. समजा, पेमेंट कंपनीतल्या इंजिनिअरने रात्री घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, ट्रेकिंगचं अ‍ॅप लिहिलं. कंपनीची गोपनीय माहिती वापरली नसेल, तर कामगार कायद्याच्या कलम 2870 नुसार ते त्याचंच. तेच अ‍ॅप पैसे पाठवण्याचं निघालं, तर कंपनीच्या धंद्याशी संबंध आला आणि हे संरक्षण गेलं. ऑफिसचा लॅपटॉप उघडला तरी तेच.

जुने प्रकल्प सहीआधीच ‘पूर्वीचे शोध’ या यादीत नोंदवावेत. जागा रिकामी राहिली, तर काहीच नव्हतं असं धरण्याची तरतूद अनेक करारांत असते.