मूठ रायडरची, रेस ईसीयूची

केबलच्या मोटारसायकलवर उजवी मूठ पिळली की केबल ओढली जाते आणि थ्रॉटल बॉडीतली हवेची झडप तेवढीच उघडते. राइड-बाय-वायरमध्ये हा थेट संबंध तुटतो. मूठ किती फिरली हे सेन्सर मोजतो, तो आकडा इंजिनाच्या ईसीयूकडे जातो आणि झडप किती उघडायची हे ईसीयू ठरवतो. प्रत्यक्ष उघडण्याचे काम एक छोटी मोटर करते. मुठीचे मोजमाप दोन वेगवेगळ्या मार्गांनी घेतले जाते. दोन्ही आकडे जुळेनासे झाले, तर स्प्रिंगच्या जोरावर झडप जवळजवळ बंद होते, गाडीचा दम जातो आणि मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो.

राइड-बाय-वायर आहे म्हणजे बाकीचे सगळे आलेच, असा समज शोरूममध्ये सहज होतो. पण चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकला २०१७ मध्ये राइड-बाय-वायर मिळाले, तेव्हा त्या गाडीत ना मोड होते ना ट्रॅक्शन कंट्रोल.

मोड म्हणजे मुठीचा अर्थ लावण्याची निरनिराळी कोष्टके. मूठ अर्धी फिरली असता एका मोडमध्ये झडप निम्मी उघडेल, तर पावसाळी मोडमध्ये समजा तिसरा हिस्साच. अशा वेळी पूर्ण मूठ पिळल्यावर पूर्ण ताकद मिळतेच, फक्त ती सावकाश येते. काही गाड्यांत मात्र कमाल ताकदच कापलेली असते. टीव्हीएसच्या २०२० च्या अपाची आरआर ३१० मध्ये स्पोर्ट आणि ट्रॅक मोडला ३४ पीएस मिळतात, रेन आणि अर्बनला सुमारे २६. मोडनुसार एबीएसचे वागणेही बदलते. ट्रॅक्शन कंट्रोल मात्र त्या गाडीतही नव्हते. ताकदीतला हा फरक ओव्हरटेक करताना कळतो: रेन मोडवर राहिलेली गाडी ट्रकच्या बरोबरीला जाऊन तिथेच रेंगाळते. मोड चालत्या गाडीवर बदलता येतो, पण बहुतेक गाड्यांत त्यासाठी मूठ पूर्ण सोडावी लागते. तोवर नव्या मोडचे नाव नुसते लुकलुकत राहते.

ट्रॅक्शन कंट्रोल एबीएसच्याच सेन्सरांवर चालते. जुलैतला ताम्हिणी घाट, ओले वळण, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३६ किलोमीटरने बाहेर पडते आहे असे धरू. म्हणजे सेकंदाला १० मीटर. चाकाचा घेर साधारण दोन मीटर असल्यामुळे पुढचे चाक सेकंदाला पाच फेरे घेते. रायडर मूठ पिळतो, मागचा टायर शेवाळावर येतो आणि ते चाक सहा फेरे घेऊ लागते. मागचे चाक पुढच्यापेक्षा वीस टक्के जास्त फिरते आहे, म्हणजे ते जागच्या जागी घसरते आहे, एवढे ईसीयूला पुरते. झडप बंद होऊन हवा कमी व्हायला क्षणभर लागतो, म्हणून आधी ठिणगी उशिरा दिली जाते किंवा वगळली जाते आणि पाठोपाठ झडप मिटते. रायडरला आवाज अडखळल्यासारखा वाटतो, पिवळा दिवा लुकलुकतो आणि चाक पुन्हा पकड घेते.

गाडी कललेली असताना हिशेब अवघड होतो. टायरच्या कडेचा घेर मधल्या भागापेक्षा लहान असतो आणि पुढचा-मागचा टायर सारख्या रुंदीचा नसतो, त्यामुळे काहीही घसरत नसताना वेगात तफावत दिसते. महागड्या गाड्यांत कल मोजणारा वेगळा सेन्सर असतो आणि घसरण किती चालू द्यायची हे कलानुसार ठरते. मागे भलत्याच मापाचा टायर बसवला तर हा सगळा हिशेब चुकतो. कोरड्या सरळ रस्त्यावर दिवा लुकलुकू लागला, तर आधी टायरचे माप आणि हवा पाहावी.

ट्रॅक्शन कंट्रोलचा ताबा फक्त इंजिनाकडून मागच्या चाकाला मिळणाऱ्या जोरावर असतो. वळणात जास्त वेगाने शिरल्यावर पुढचे चाक सुटले, तर त्याच्या हाती काही नाही. उतारावर धाडकन गिअर उतरवून मागचे चाक अडले, तरी साध्या ट्रॅक्शन कंट्रोलचा उपयोग होत नाही. त्यासाठी स्लिपर क्लच किंवा इंजिन ब्रेकिंग सांभाळणारी वेगळी यंत्रणा लागते. चिखलाच्या चढावर तर ट्रॅक्शन कंट्रोल उलट अडवते: तिथे चाकाने थोडे फिरून माती उडवत वर चढायचे असते, आणि ईसीयू प्रत्येक वेळी रेस काढून घेत राहतो. गाडी तिथेच रुतते. अशा जागी ते बंद करावे आणि डांबरी रस्त्याला लागताच पुन्हा चालू करावे. किल्ली बंद केल्यावर कोणती सेटिंग टिकते आणि कोणती पुसली जाते, हे गाडीगणिक वेगळे असते. मॅन्युअलमधले तेवढे पान तरी वाचावे.

किल्ली फिरवल्यावर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लागणे बरोबरच आहे. गाडी थोडी पुढे गेली की सेन्सर तपासून तो विझतो. लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्रणा काम करते आहे. धावत्या गाडीवर स्थिर राहिलेला दिवा म्हणजे ती बंद केलेली आहे किंवा बिघडली आहे, आणि पावसाळ्यात चाकाजवळच्या सेन्सरवर बसलेला चिखल हे त्याचे पहिले तपासण्याजोगे कारण.