टॅनचा भागाकार आणि साइनच्या पोटातला वर्ग

नोव्हेंबर 1675 मध्ये पॅरिसमध्ये राहणाऱ्या गॉटफ्रीड लाइबनिट्सने आपल्या टिपणांत एक प्रश्न लिहून ठेवला: दोन राशींच्या गुणाकाराचे विकलन म्हणजे त्यांच्या विकलनांचा गुणाकार असतो का? तसे नसते हे त्याच्या लवकरच ध्यानात आले. गुणाकाराचा आणि भागाकाराचा खरा नियम त्याने 1684 मध्ये छापून प्रसिद्ध केला. आज बारावीचा विद्यार्थी टॅनचे विकलन करायला बसतो तेव्हा त्याचा हातही आधी त्याच सोप्या वाटेकडे वळतो.

टॅन म्हणजे साइन भागिले कॉस. साइनचे विकलन कॉस आणि कॉसचे वजा साइन, हे दोन्ही पाठ असते. मग वरचे विकलन वर, खालचे खाली लिहिले की झाले! उत्तर येते वजा कॉट. 45 अंशांवर त्याची किंमत वजा 1, म्हणजे तिथे टॅन उतरतोय. पण टॅन 45 अंश म्हणजे 1 आणि टॅन 46 अंश म्हणजे सुमारे 1.0355. टॅन तर चढतोय. एवढ्या पडताळ्यातच ते उत्तर बाद होते.

भागाकार बदलतो तो दोन कारणांनी. अंश वाढला की तो वाढतो आणि छेद वाढला की घटतो. नियमातले वजा चिन्ह या दुसऱ्या कारणातून येते. छेद गुणिले अंशाचे विकलन, त्यातून वजा अंश गुणिले छेदाचे विकलन, आणि सगळ्याला छेदाच्या वर्गाने भागायचे. टॅनसाठी ते असे दिसते:

(cos x · cos x − sin x · (−sin x)) / cos² x

दोन वजा एकत्र येऊन अधिक होतात आणि वर cos² x + sin² x उरते, म्हणजे फक्त 1. उत्तर 1/cos² x, अर्थात sec² x. चूक बहुतेक वेळा या दोन वजांपाशीच होते: एक गळला की वर cos 2x येऊन बसते. वर नेमका 1 आला नाही, तर आधी चिन्हेच तपासावीत.

आता 45 अंशांवर sec² म्हणजे 2. कोन 0.1 अंशाने वाढवला तर टॅन 0.003497 ने वाढतो. त्याला 0.1 ने भागले तर मात्र 0.035 मिळते. सूत्र खोटे नाही, कोन अंशांत मोजला ही गडबड आहे. ही सारी सूत्रे रेडियनमध्येच खरी असतात. 0.1 अंश म्हणजे 0.001745 रेडियन, त्याने भागले की 2.0035 येते.

सेकचे काम त्यामानाने किरकोळ. तिथे अंश 1 आहे, त्याचे विकलन शून्य, म्हणून पहिले पद गळून पडते. उरते sin x / cos² x. त्याचे दोन तुकडे केले की sec x · tan x.

sin(x²) ला मात्र भागाकार उपयोगाचा नाही. इथे एका फलनाच्या पोटात दुसरे आहे: आधी x चा वर्ग होतो, मग त्या वर्गाचा साइन. (साइनचाच वर्ग, म्हणजे sin² x, हे प्रकरण निराळे, त्याचे विकलन 2 sin x cos x.) बाहेरच्या साइनचे विकलन करताना आतला x² जसाच्या तसा ठेवायचा, म्हणजे cos(x²), आणि मग आतल्याचे विकलन 2x त्याला गुणायचे. उत्तर 2x · cos(x²). साखळी नियम तो हाच.

विद्यार्थी cos(x²) वर थांबतात, नाहीतर थेट cos 2x लिहितात. x = 1 ला तीन उत्तरे तीन आकडे देतात: 0.54, वजा 0.42 आणि 1.08. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून sin(1.001²) मधून sin(1) वजा करावे आणि 0.001 ने भागावे. 1.0795 येते. गुणायचा राहिलेला 2 इथे उघडा पडतो.

हा 2x आलेखात डोळ्यांनी दिसतो. साध्या साइनच्या लाटा एकसारख्या अंतरावर येतात, sin(x²) च्या दाटत जातात. उजवीकडे हा आलेख 1.77, 2.51, 3.07, 3.54 अशा ठिकाणी अक्ष ओलांडतो. लाटांची उंची 1 च्या वर कधी जात नाही, पण x वाढेल तसा आतला वर्ग अधिकाधिक वेगाने पळतो, म्हणून अक्ष ओलांडताना चढ दर वेळी जास्त उभा होतो. त्या ठिकाणी cos(x²) ची किंमत 1 किंवा वजा 1 असते, म्हणून चढ किंवा उतार थेट 2x एवढा: आधी सुमारे 3.5, मग 5, मग 6.1.